साठचा चार्जर आणि चौतीस युनिटांचं बिल

दुपारी महामार्गावर गाडी चार्ज केली की मोबाइलवर साधारण असं बिल येतं:

चार्जर: 60 kW डीसी, गन 2
गन लावली 1:04, गन काढली 2:43
एकूण वेळ: 99 मिनिटं
वीज: 33.6 kWh × ₹21.00 = ₹705.60
आयडल फी: 22 मिनिटं × ₹3.00 = ₹66.00
जीएसटी 18%: ₹138.89
एकूण: ₹910.49

हे आकडे समजावण्यासाठी बेतलेले आहेत. मात्र पुणे-कोल्हापूर रस्त्यावर साताऱ्याच्या आसपास एखाद्या हॉटेलच्या आवारात दोन गनचा डीसी चार्जर असतो, तिथे 45 किलोवॅट-तास बॅटरीची मध्यम आकाराची गाडी लावली तर बिल याच घाटाचं येईल. दर आणि आयडल फी, म्हणजे वीज थांबल्यावरही गन लावून ठेवल्याचे पैसे, यांचे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. बिलाची रचना मात्र बहुतेक ठिकाणी हीच.

या बिलावर भांडण हमखास होतं आणि ते बहुतेक वेळा पहिल्या ओळीवरून होतं. "साठचा चार्जर आहे साहेब, तासात साठ युनिट भरतो," असं तिथला पोऱ्याही सांगतो. मग दीड तासाहून जास्त गाडी लावून चौतीसच युनिट कशी भरली? आणि चौतीस युनिटांचे नऊशे रुपये कसे झाले? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरं बिलाच्या वेगवेगळ्या ओळींत आहेत.

kW आणि kWh

महावितरणचं घरचं बिल हातात घेतलं तर त्यावर हे दोन्ही आकडे सापडतात. "मंजूर भार" किलोवॅटमध्ये असतो आणि "वीज वापर" युनिटमध्ये. मंजूर भार 3 किलोवॅट म्हणजे घरात एका वेळी साधारण तेवढ्या ताकदीची उपकरणं चालवायला परवानगी. त्यावरून महिन्यात किती वीज वापरली ते कळत नाही. वापर मीटर सांगतो. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास, स्क्रीनवर kWh. घरी आपण याला युनिट म्हणतो आणि चार्जरवर तीच गोष्ट kWh म्हणून दिसते, एवढाच फरक.

चार्जरवर रंगवलेला 60 kW हा आकडा मंजूर भारासारखा आहे. या यंत्रातून एका क्षणी जास्तीत जास्त किती वेगाने वीज बाहेर पडू शकते याची ती कमाल मर्यादा आहे. पैसे लागतात ते 33.6 kWh चे, म्हणजे प्रत्यक्ष गनमधून गेलेल्या विजेचे.

पोऱ्याचं गणित तपासायचं तर 60 किलोवॅटने 65 मिनिटं वीज गेली असं धरा. 65 युनिट होतात. गाडीची बॅटरीच 45 ची आहे आणि ती रिकामीही नव्हती. म्हणजे ते गणित जागच्या जागीच मोडतं.

65 मिनिटं कुठून आली, कारण बिलावर तर 99 आहेत, असं कोणी विचारेल. तिथे येतोच.

साठ का मिळाले नाहीत

डीसी फास्ट चार्जिंगमध्ये किती करंट घ्यायचा हे गाडी ठरवते. बॅटरीवर नजर ठेवणारी गाडीतली यंत्रणा दर क्षणी चार्जरला सांगत असते की आत्ता मला एवढा करंट दे. चार्जर तेवढा देतो, किंवा त्याच्या कुवतीत नसेल तर जेवढा जमतो तेवढा. गाडीची मागणी आणि चार्जरची कुवत यांतला जो आकडा लहान असेल तो प्रत्यक्षात मिळतो. आणि हे दोन्ही आकडे चार्जिंग चालू असताना बदलत राहतात.

आपल्या गाडीचं त्या दुपारी काय झालं ते पाहू. गन लावली तेव्हा बॅटरी 20 टक्के होती आणि गाडीत चार्जिंगची मर्यादा 90 टक्क्यांवर ठेवलेली होती.

1:04 ला गन लागली. पहिली दोन मिनिटं वीज गेलीच नाही. सीसीएस 2 प्रकारच्या गनमध्ये गाडी आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात, केबलचं इन्सुलेशन ठीक आहे का ते तपासतात, व्होल्टेज जुळवतात, आणि मग आतला संपर्क जोडला जातो. 1:06 ला स्क्रीनवर आकडे फिरू लागले.

तेव्हा शेजारच्या गनवर दुसरी गाडी होती. दोन गनच्या बऱ्याच चार्जरमध्ये 60 ची ताकद अशा वेळी 30-30 अशी वाटली जाते. पहिली 20 मिनिटं आपल्या गाडीला जेमतेम 28.8 किलोवॅट मिळाले. वीस मिनिटं म्हणजे तासाचा एक तृतीयांश, तर या वेळात 9.6 युनिट गेली.

मग शेजारची गाडी निघाली आणि चार्जरने सगळी ताकद या गनकडे वळवली. सगळे चार्जर हे मधूनच करत नाहीत. काहींमध्ये सुरुवातीला मिळालेला वाटा शेवटपर्यंत तोच राहतो. इथे वाटा वाढला तरी साठ मिळाले नाहीत, 48 मिळाले. किलोवॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. स्क्रीनवर तेव्हा साधारण 369 व्होल्ट आणि 130 अँपिअर दिसत होते. त्यांचा गुणाकार 48 हजार वॅटच्या जवळ जातो. या गाडीने त्या क्षणी एवढाच करंट मागितला. तिने जास्त मागितला असता तरी 150 अँपिअरची मर्यादा असलेल्या चार्जरमधून या व्होल्टेजला 55 च्या वर काही आलं नसतं. पाटीवरचे पूर्ण साठ हवे असतील तर बॅटरीचं व्होल्टेजही तेवढं चढं लागतं. हे पाटीवर लिहिलेलं नसतं. चार्जरच्या बाजूला बारीक अक्षरांत जी माहितीपट्टी असते तिच्यावर कमाल अँपिअर दिलेले असतात. हौस असेल तर वाचावेत.

48 किलोवॅटने 20 मिनिटं म्हणजे 16 युनिट. इथवर 25.6 युनिट झाली, बॅटरी 73 टक्क्यांवर आली, आणि मग गाडीने हात आखडता घ्यायला सुरुवात केली. लिथियम-आयन बॅटरी भरत येते तसं तिचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकू लागतं. तिथे तसाच मोठा करंट रेटत राहिलं तर पेशींचं नुकसान होतं, म्हणून गाडी मागणी उतरवत नेते. पुढच्या 15 मिनिटांत सरासरी 24 किलोवॅट मिळाले, म्हणजे 6 युनिट. शेवटच्या 10 मिनिटांत सरासरी 12 किलोवॅट, म्हणजे फक्त 2 युनिट. 2:11 ला 90 टक्के झाले आणि गाडीने चार्जिंग थांबवलं.

बेरीज: 9.6 + 16 + 6 + 2 = 33.6 युनिट, 65 मिनिटांत. सरासरी वेग 31 किलोवॅट. साठच्या चार्जरवर एकतीस ऐकायला निम्मंच वाटतं, पण चार्जरमध्ये काही बिघाड नव्हता. एप्रिल-मेच्या उन्हात घाट चढून आलेली, आधीच तापलेली बॅटरी असेल तर गाडी स्वतःहून आणखी कमी मागते.

शेजारी दुसरी गाडी नसती तर पहिली 9.6 युनिट 48 किलोवॅटने 20 ऐवजी 12 मिनिटांत गेली असती. आठ मिनिटं वाचली असती. विजेचे 705.60 रुपये मात्र तेवढेच राहिले असते, कारण युनिट तेवढीच. युनिटवर दर असेल तिथे किलोवॅट तुमचा वेळ बदलतात, विजेची रक्कम बदलत नाहीत. अमेरिकेत काही राज्यांत बराच काळ चार्जिंगचे पैसे मिनिटावर घेतले जात, कारण तिथे युनिटवर वीज विकण्याची मुभा फक्त वीज कंपन्यांना होती. अशा ठिकाणी हळू चार्ज होणाऱ्या गाडीचा मालक त्याच विजेला जास्त पैसे देतो. आपल्याकडे 2018 मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्यामुळे त्याला वितरणाचा परवाना लागत नाही. आपल्याकडे दर सहसा युनिटवरच असतो.

किलोवॅटचा आकडा बिलात मागच्या दाराने शिरतो तो इथे: काही कंपन्या मोठ्या चार्जरला दर युनिटमागे चढा दर लावतात. समजा, त्याच आवारात 120 किलोवॅटचा चार्जर ₹24 ने आहे. आपल्या गाडीची कमाल मागणी 50 च्या आसपास, म्हणजे 120 चा तिला उपयोग काय तर शेजाऱ्याशी वाटून घेताना कमी पडायचं नाही, एवढाच. 33.6 युनिटांवर तीन रुपयांनी ₹100.80 आणि त्यावर जीएसटी धरून जवळपास ₹119 जास्त. आठ मिनिटांसाठी. 60 ची गन मोकळी असेल तर मी तीच घेईन. ज्याची गाडी 100 किलोवॅट घेऊ शकते त्याचं गणित अर्थातच वेगळं.

ॲपमध्ये "किती वेळ चार्ज करायचं" असा पर्याय असतो तिथेही जपून. अर्धा तास निवडला आणि शेजारी गाडी असली तर 14-15 युनिट मिळतील, नसली तर 24. युनिट, रक्कम किंवा टक्के यांपैकी काही निवडता येत असेल तर वेळ निवडू नये.

33.6 गेली, मग बॅटरीत किती उतरली?

गाडी 20 वरून 90 टक्क्यांवर गेली, म्हणजे 70 टक्के. 45 चे 70 टक्के 31.5 युनिट. बिल 33.6 चं. मधली 2.1 युनिट कुठे गेली?

ती उष्णतेत आणि गाडीच्या स्वतःच्या कामात गेली. करंट बॅटरीत शिरताना बॅटरी आणि केबल तापतात. बॅटरी थंड ठेवायला पंप आणि कॉम्प्रेसर चालतात. गाडीचे संगणक जागे असतात. तुम्ही आत एसी लावून बसलात तर तोही याच विजेवर चालतो आणि दुपारच्या उन्हात तासाला एखादं युनिट सहज खातो. इथे मंडळी जेवायला गेली होती, एसी बंद होता. गेलेल्या विजेच्या साधारण सहा टक्के फरक मला ठीक वाटतो.

फरक मोजताना टक्क्यांवर फार विसंबू नये. गाडी 20 दाखवते तेव्हा खरा आकडा 19.6 असू शकतो आणि 90 हा 90.4. या गाडीत एक टक्का म्हणजे 0.45 युनिट, त्यामुळे दोन्ही टोकांच्या पूर्णांकांमुळे हिशेब जवळजवळ तेवढ्याने इकडेतिकडे होतो. गाडी जुनी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. चार-पाच वर्षांत बॅटरीची क्षमता 45 वरून 42 वर आली असेल, तर तिचे 70 टक्के 29.4 युनिटच होतात. मग 33.6 च्या बिलात चार युनिटांची चोरी दिसू लागते. त्यातली निम्मी तफावत बॅटरीच्या वयामुळे असते, चार्जरमुळे नाही.

खरा प्रश्न विचारायचा असेल तर मीटर नक्की कुठे आहे हा विचारावा. चार्जरमध्ये बाहेरून एसी, म्हणजे घरी येते तशी वीज येते आणि आत तिचं डीसी, म्हणजे बॅटरीत भरता येणारी वीज होऊन गनमधून निघते. या रूपांतरात काही वीज उष्णता म्हणून जाते. चार्जरचे पंखे घोंघावतात ते याच उष्णतेपायी. मोजणी गनच्या बाजूला असेल तर ही तूट चालक कंपनीच्या खिशातून जाते. मोजणी एसी बाजूला असेल तर ग्राहकाच्या. रूपांतराची कार्यक्षमता 95 टक्के धरली, तर गनमधून 33.6 युनिट जायला एसी बाजूला सुमारे 35.4 लागतात. पावणेदोन युनिटांचा फरक, 21 च्या दराने 37 रुपये.

हे ग्राहकाला कळू शकतं. वेग स्थिर असताना, म्हणजे पहिल्या टप्प्यात, स्क्रीनवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणायचे आणि दहा मिनिटांत kWh चा आकडा किती वाढला ते पाहायचं. 48 किलोवॅटला दहा मिनिटांत 8 युनिट वाढायला हवीत. 8.4 वाढली आणि दर वेळी तसंच होत असेल, तर मोजणी गनच्या मागे कुठेतरी आहे अशी शंका घ्यायला जागा आहे. शेवटच्या टप्प्यात हा प्रयोग करू नये. तिथे करंट दर मिनिटाला घसरत असतो आणि गुणाकार फसवतो.

शेवटची बत्तीस मिनिटं

2:11 ला वीज थांबली. गन 2:43 ला निघाली. मधल्या 32 मिनिटांत एक युनिटही गेलं नाही, पण जागा अडलेली होती. पहिली 10 मिनिटं सवलतीची, उरलेली 22. तीन रुपयांनी 66 रुपये.

आयडल फीबद्दल लोकांचा राग मला समजतो, पण ती लावण्यामागचा हिशेब सरळ आहे. त्या आवारात चार्जर बसवायला ट्रान्सफॉर्मर, केबल, वीजजोडणी आणि जागा यांवर खर्च झालेला असतो आणि तो सगळा विकल्या गेलेल्या युनिटांतूनच वसूल करायचा असतो. 48 किलोवॅटने गाडी लागलेली असते तेव्हा ती गन मिनिटाला सोळा-सतरा रुपयांची वीज विकते. भरलेली गाडी नुसती उभी असते तेव्हा शून्य. त्या मानाने तीन रुपये मिनिट ही भरपाई नाही, टोचणी आहे.

गफलत होते ती वेळ कधी सुरू झाली यावरून. लोक समजतात की बॅटरी 100 टक्के झाल्यावर आयडल सुरू होतं. तसं नाही. गाडीने वीज घ्यायचं थांबवलं आणि गन लागलेलीच राहिली की घड्याळ सुरू होतं. आपल्या गाडीने 90 ला थांबवलं कारण मालकाने मर्यादा 90 ठेवली होती. निवडलेली रक्कम संपली तरी चार्जिंग थांबतं. वॉलेटमध्ये टाकलेले पाचशे रुपये 64 टक्क्यांवर संपले आणि तुम्ही वर जेवत बसलात, तर गाडी अर्धवट भरलेली राहते आणि वर आयडलही चढतं. रक्कम निवडताना त्यात जीएसटी धरलेला आहे का ते पाहावं. 500 रुपये करासह असतील तर 21 च्या दराने त्यांत 20 युनिटच बसतात, करावेगळे असतील तर पावणेचोवीस.

उलट टोकाला दुसरी अडचण आहे. मर्यादा 100 वर ठेवली तर शेवटचे चार-पाच टक्के गाडी दोन-तीन किलोवॅटने रांगत भरते आणि पेशी समपातळीला आणते. कागदोपत्री चार्जिंग चालू, म्हणून आयडल फी नाही. मागे थांबलेल्या माणसाला मात्र त्याचा काही उपयोग नाही. यासाठी काही ठिकाणी चार्जर ठरावीक टक्क्यांवर स्वतःच थांबतो. थांबला की अर्थातच आयडलचं घड्याळ सुरू.

आता ते 99 मिनिटांचं. बिलावरचा "एकूण वेळ" गन लावल्यापासून काढेपर्यंतचा आहे: 2 मिनिटं जुळणीची, 65 चार्जिंगची, 32 नुसती उभी. कुणी 33.6 ला 99 मिनिटांनी भागलं तर 20 किलोवॅट येतात आणि "साठ सांगून वीस देतात" अशी तक्रार तयार होते. भागायचं ते 65 ने. वीज थांबल्याची वेळ बिलावर बरेचदा छापलेलीच नसते, ती ॲपमधल्या आलेखात किंवा "चार्जिंग पूर्ण" या संदेशाच्या वेळेत सापडते. तो संदेश पुसू नये.

पडद्यामागे हे सगळं कसं नोंदलं जातं ते थोडक्यात पाहू, कारण वाद झाला तर हेच कामाला येतं. बरेच सार्वजनिक चार्जर त्यांच्या मुख्य संगणकाशी ओसीपीपी या खुल्या पद्धतीने बोलतात. तिच्या 1.6 या आवृत्तीत व्यवहार सुरू होताना मीटरचं वाचन वॅट-तासांत जातं आणि संपताना पुन्हा जातं:

```
meterStart: 1284350
meterStop:  1317950
```

वजाबाकी 33600 वॅट-तास, म्हणजे 33.6 युनिट. हा घरच्या मीटरसारखा सतत वाढणारा आकडा आहे, त्यामुळे "मागील वाचन, चालू वाचन" असं मागता येतं. तसंच गनची अवस्थाही नोंदली जाते. वीज जात असताना `Charging`, गाडीने स्वतः थांबवलं की `SuspendedEV`, चार्जरच्या बाजूने थांबलं की `SuspendedEVSE`, आणि बिघाड झाला तर `Faulted`. आयडल फी न्याय्य आहे की नाही हे या शब्दांवरून ठरतं. गाडीने थांबवलं आणि तुम्ही आला नाहीत, तर फी बरोबर. वीज गेली, चार्जर बंद पडला, गन अडकून निघेना आणि त्याची मिनिटं तुमच्या माथी मारली, तर चूक. व्यवहार कशाने संपला याचंही कारण नोंदलेलं असतं. `EVDisconnected` म्हणजे गाडी सुटली, `PowerLoss` म्हणजे वीज गेली.

मध्ये वीज जाऊन आली आणि तुम्ही पुन्हा सुरू केलं तर व्यवहार दोन होतात, बिलंही दोन येतात. दोन्हींची युनिट जोडूनच टक्क्यांशी ताळा घालावा.

राहिला कर

घरच्या विजेवर जीएसटी नसतो. सार्वजनिक चार्जरवर 18 टक्के लागतो, कारण वर म्हटल्याप्रमाणे इथे कायद्याच्या नजरेत वीज विकली जात नाही, सेवा दिली जाते. आपल्या बिलात तो वीज आणि आयडल फी दोन्हींवर लागला: 705.60 अधिक 66 मिळून 771.60, त्याचे 18 टक्के 138.89. पाटीवरचा दर करासह आहे की करावेगळा, हे चार्जिंग सुरू करण्याआधी पाहिलं तर बरं. 21 करावेगळे म्हणजे हातात 24.78. शेजारच्या कंपनीचे 24 करासह असतील तर महाग दिसणारा दर स्वस्त असतो. दिवसाच्या वेळेनुसार दर बदलणारे चार्जरही असतात. केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी 9 ते दुपारी 4 या सौर तासांत स्टेशनला मिळणारी वीज स्वस्त ठेवायला सांगितलं आहे. कंपनी ते पुढे ग्राहकाला देते की नाही, हे ॲपमध्येच पाहावं लागतं.

सगळं धरून या चार्जिंगला युनिटमागे 27 रुपये 10 पैसे पडले. आयडल वगळता 24.78. आणि बॅटरीत उतरलेल्या 31.5 युनिटांवर मांडलं तर, आयडल वगळूनही, 26.43. गाडीचा किलोमीटरमागे खर्च काढताना कोणता आकडा घ्यायचा हे गाडी सरासरी कशी दाखवते त्यावर आहे. गाडीच्या स्क्रीनवरचा "युनिटला इतके किलोमीटर" हा बॅटरीतून निघालेल्या विजेचा हिशेब असतो, म्हणून त्याच्याशी 26.43 जुळवायचा, 24.78 नाही. तो सात किलोमीटर दाखवत असेल तर किलोमीटरला पावणेचार रुपयांच्या आसपास येतात. आयडलचे 66 रुपये आणि त्यावरचा कर असे जवळपास 78 रुपये म्हणजे वीस किलोमीटरचं अंतर.

बिलात खरंच गडबड वाटली तर तक्रारीत "चार्जर हळू होता" असं लिहून काही होत नाही, कारण वेगाची हमी कुणीच दिलेली नसते. व्यवहार क्रमांक, सुरुवातीचं आणि शेवटचं मीटर वाचन, वीज थांबल्याची वेळ आणि थांबण्याचं कारण, एवढ्या चार गोष्टी मागाव्यात. सोबत गाडीच्या स्क्रीनचे दोन फोटो जोडावेत, गन लावतानाचा आणि काढतानाचा, टक्के आणि घड्याळ दोन्ही दिसतील असे.